पातेल्यातला संत्र्याचा वास वीस मिनिटांत का विरतो?

प्रश्न: «मी दोन संत्र्यांची साले, दहा-बारा लवंगा आणि दालचिनीचे दोन तुकडे पाण्यात घालून दोन तास मंद आचेवर ठेवते. पहिली पंधरा-वीस मिनिटे घर सुंदर दरवळते, मग संत्र्याचा वास जातो आणि शेवटी उकडलेल्या सालींचा कडवट वास उरतो. साले दुप्पट करून पाहिली, तरी तेच. माझ्या मागच्या खोलीला कुबट वास येतो, तोही तासाभराने परत जाणवतो. पद्धत चुकते आहे का? याने हवा खरोखर शुद्ध होते का? घरात मांजर आहे, तिला काही अपाय नाही ना? आणि उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरता येईल का?»

मी बरीच वर्षे लहान भट्टीवर साली, पाने आणि मसाल्याच्या पदार्थांपासून सुगंधी तेले काढत आलो आहे. तुमच्या पातेल्यात जे घडते ते माझ्या भट्टीतही घडते. फरक इतकाच की मी वाफ थंड करून बाटलीत धरतो आणि तुम्ही ती खोलीत सोडता. त्यामुळे तुमचे निरीक्षण अचूक आहे, असे मी आधीच सांगतो. संत्र्याचा वास वीस मिनिटांत जातो, कारण तो तेवढ्यातच जाण्यासारखा असतो. साले दुप्पट केल्याने तो दुप्पट वेळ टिकत नाही, फक्त सुरुवातीचा दरवळ अधिक तीव्र होतो. अडचण प्रमाणात नाही, तिन्ही पदार्थ एकाच वेळी पाण्यात पडतात, ही खरी अडचण आहे. मागच्या खोलीचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे आणि त्याचे उत्तर या पातेल्यात नाही. त्याकडे पुढे येतो.

संत्र्याच्या सालीचे तेल तिच्या बाहेरच्या रंगीत थरात असते. साल उजेडाकडे धरली तर तिथे बारीक ठिपक्यांसारख्या पिशव्या दिसतात, तेल त्यांत साठलेले असते. आतला पांढरा, स्पंजासारखा थर सुगंधाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो. या तेलात ९० टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीनचा असतो आणि संत्र्याला संत्रे म्हणून ओळखू देणारी काही अल्डिहाइडे त्यात अगदी थोड्या प्रमाणात असतात. लिमोनीन निखळ अवस्थेत १७६ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून ते १०० अंशांच्या पाण्यात टिकून राहील असे वाटू शकते. पण एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापले की प्रत्येक जण आपापल्या परीने वाफ देतो आणि दोघांच्या वाफांचा दाब मिळून बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की मिश्रण उकळू लागते. त्यामुळे तेलाचा उत्कलनबिंदू गाठण्याची गरजच पडत नाही, पाण्याची वाफ त्याला आपल्याबरोबर घेऊन जाते. सुगंधी तेलांचे ऊर्ध्वपातन याच तत्त्वावर चालते.

आता लवंगेकडे पाहा. तिच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असते आणि ते २५४ अंशांच्या आसपास उकळते. दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइडही जवळपास तितक्याच तापमानाला उकळते. १०० अंशांना या दोघांची वाफ लिमोनीनच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी असते. शिवाय लिमोनीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते हलके असल्यामुळे पृष्ठभागावर तरंगते आणि तिथून सहज निघून जाते. युजेनॉल पाण्याहून जड असते, थोडेफार विरघळते आणि पाण्यात रेंगाळते. भट्टीवर हा फरक स्पष्ट दिसतो. संत्र्याच्या सालीचे बहुतेक तेल पहिल्या तासातच हाती येते, लवंगेची भट्टी मात्र कित्येक तास चालवावी लागते. तुमचे पातेले उघडे आणि लहान असते, तिथे संत्र्याचा जोर आणखी लवकर ओसरतो.

प्रमाणाचा विचारही एकदा करून ठेवावा. एका मध्यम संत्र्याच्या सालीत अर्ध्या मिलिलिटरच्या आतबाहेर तेल असते, अनेकदा त्याहूनही कमी. दहा चांगल्या लवंगांचे वजन साधारण १ ग्रॅम भरते आणि त्यात १५ ते २० टक्के तेल असते, म्हणजे साधारण ०.१५ ते ०.२ ग्रॅम. पण ते सावकाश बाहेर पडते, म्हणून दोन तासांनंतरही लवंगेचा वास उरतो. तोवर संत्र्याच्या सालीत राहिलेली असते ती पेक्टिन आणि कडवटपणा. उकडलेल्या सालींचा जो वास तुम्हाला येतो, तो बिघाड नव्हे. साल संपली, एवढीच त्याची खूण.

यावरून पद्धत सहज ठरते. जड पदार्थ आधी घालावेत, हलके नंतर, आणि हलके थोडे थोडे करून. मी घरी साधारण दोन लिटरचे जाड बुडाचे स्टीलचे पातेले घेतो आणि त्यात ७५० मिलिलिटर पाणी घालतो. ८ ते १० लवंगा खलबत्त्यात नुसत्या चेचतो, पूड करत नाही. पूड पाण्यावर तरंगते, पातेल्याच्या कडेला चिकटते आणि तिथेच करपते. दालचिनीचा बोटभर तुकडा दोन-तीन ठिकाणी मोडून घालतो. पाण्याला उकळी आली की आच कमी करून झाकण ठेवतो आणि पंधरा मिनिटे जाऊ देतो. झाकणामुळे वाफ थंड होऊन परत खाली पडते, त्यामुळे घरात वास कमी पसरतो, पण या टप्प्यावर तेच हवे असते. लवंग आणि दालचिनी भिजून मऊ होईपर्यंत पाणी वाया घालवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर झाकण काढतो आणि एका संत्र्याच्या सालीचा फक्त तिसरा हिस्सा घालतो. साल सोलाण्याने रुंद पट्ट्यांत काढलेली असते, पांढरा थर शक्य तितका मागे सोडून. किसणी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. किसल्यावर जवळजवळ सर्व पिशव्या एकदम फुटतात, अर्धे तेल ओट्यावरच उडून जाते आणि उरलेले पाच मिनिटांत संपते. पट्टी पाण्यात टाकण्याआधी एकदा दुमडून पिळली तर सुरुवातीला पुरेसा वास मिळतो आणि न फुटलेल्या पिशव्या हळूहळू रिकाम्या होतात. वीस-पंचवीस मिनिटांनी जुन्या पट्ट्या चिमट्याने काढून टाकतो आणि दुसरा हिस्सा घालतो, तसाच पुढे तिसरा. अशा रीतीने तुम्ही दोन संत्र्यांत वीस मिनिटे मिळवता, तिथे एका संत्र्यात तासाहून अधिक वेळ सुगंध राहतो. जुन्या पट्ट्या काढणे महत्त्वाचे आहे, कारण कडवट वास त्यांच्यातूनच येतो.

पट्टी संपली की नाही हे ओळखण्यासाठी ती बाहेर काढून गार होऊ द्यावी आणि नाकाजवळ दुमडावी. ताजी साल दुमडली की बारीक तुषार उडतो, संपलेली साल नुसती ओली आणि पचपचीत लागते. हा तुषार ज्वलनशील असतो, त्यामुळे साल पेटत्या शेगडीवर पिळू नये. वाळवलेल्या सालींविषयीही लोक विचारतात. त्या दिसायला सुंदर असतात, पण वाळताना त्यांचे तेल बरेचसे उडालेले असते. साले साठवायचीच असतील तर ताजी असतानाच डब्यात बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावीत.

आच किती असावी, हे शेगडी आणि पातेले यांवर अवलंबून आहे. म्हणून मी आचेचा आकडा देत नाही, पाण्याकडे पाहायला सांगतो. कडेने अधूनमधून बुडबुडे यावेत आणि पृष्ठभागावरून वाफेची एक पातळ रेघ उठावी, इतके पुरे. पाणी खदखदत असेल तर सुगंध वाढत नाही, फक्त सर्व काही लवकर संपते. आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. आपले नाक एका वासाला काही मिनिटांतच सरावते. वास गेला असे वाटले की आधी दहा मिनिटे घराबाहेर जाऊन परत या. तुमच्या वीस मिनिटांपैकी काही मिनिटे तरी नाकाच्या खाती जमा होतील, अशी माझी खात्री आहे.

आता हवा शुद्ध होते का, याविषयी. नाही. कुबट वास म्हणजे ओलीत वाढणाऱ्या बुरशीने हवेत सोडलेली वायुरूप द्रव्ये. तुमचे पातेले त्यांतले एकही द्रव्य बाहेर काढत नाही. ते त्या हवेत लिमोनीन आणि युजेनॉलची भर घालते आणि नाकाचे लक्ष तिकडे वळते. युजेनॉल जंतूंना मारते असे वाचायला मिळते आणि ते खोटे नाही, पण ते पुरेशा तीव्रतेच्या तेलाचा जंतूंशी प्रत्यक्ष संपर्क येतो तेव्हाचे आहे. दहा लवंगांचा अंश संपूर्ण खोलीत विखुरल्यावर ती तीव्रता कुठेही उरत नाही.

तुमच्या मागच्या खोलीच्या बाबतीत तर पातेले उलट काम करते, आणि हे हिशेब करून दाखवण्यासारखे आहे. समजा खोली १२ चौरस मीटरची आहे आणि छत २.७ मीटर उंच, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. २५ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाण्याची वाफ सामावू शकते, म्हणजे संपूर्ण खोली सुमारे ७४० ग्रॅम. आर्द्रता ६० टक्के असेल तर त्यातले ४४० ग्रॅम आधीच तिथे आहे आणि जागा उरते ती ३०० ग्रॅमची. मी माझे उघडे पातेले मंद आचेवर वजन करून पाहिले आहे, तासाला ४०० मिलिलिटरच्या आसपास पाणी उडते. म्हणजे दारे-खिडक्या बंद असतील तर तासाभराच्या आतच हवा कागदावर तरी पूर्ण भरते. प्रत्यक्षात फटींतून काही वाफ निघून जाते आणि काही भिंती, गाद्या, कपडे शोषून घेतात. पण नेमकी तीच तर अडचण आहे! खोलीतल्या सर्वांत थंड भिंतीवर ओल धरते आणि बुरशीला हवे ते मिळते. दोन तास पातेले ठेवल्यावर कुबटपणा परत येतो, त्यामागे तुम्ही स्वतः सोडलेले पाऊण-एक लिटर पाणीही असू शकते.

म्हणून त्या खोलीपुरते पातेले पूर्ण बंद ठेवा. कपाट भिंतीपासून थोडे पुढे ओढून त्यामागची भिंत हाताने तपासा, गादीची खालची बाजू पाहा, खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत का ते पाहा. भिंत थंड आणि ओलसर लागली तर पाणी बाहेरून झिरपते आहे, नळातून गळते आहे की नुसती हवा कोंडते आहे, हे आधी शोधावे लागेल. बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळता ठेवल्याने जे साधते ते कोणत्याही सुगंधाने साधत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका खोलीत आठवडाभर रोज असे पातेले ठेवत होतो, आणि मग कपाट सरकवल्यावर मागची भिंत हातभर हिरवट झालेली दिसली. तेव्हापासून कुबट वास आला की मी पातेले चढवत नाही, कपाट सरकवतो.

तळणाचा किंवा करपलेल्या अन्नाचा वास असेल तर पातेल्याला काम आहे, पण दुसऱ्या क्रमांकाचे. आधी तेलकट भांडी आणि ओटा धुवावा, पंधरा-वीस मिनिटे खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि मग अर्धा-पाऊण तास पातेले ठेवावे. खिडकी त्या वेळीही थोडी उघडीच असावी. वाफेला वाट मिळते, हे एक कारण. दुसरे असे की गॅसची शेगडी जळताना स्वतःच नायट्रोजन डायॉक्साइड सोडते. आणि तिसरे, लिमोनीन ओझोनशी चटकन संयोग पावते आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. एखाद्या पातेल्याने घाबरून जावे इतके हे प्रमाण नसते, पण ओझोन सोडणारे यंत्र घरात चालू असेल तर ही दोन्ही एकत्र चालवू नयेत. पदार्थ नैसर्गिक आहे म्हणून त्याचे रसायनशास्त्र थांबत नाही.

मांजरीविषयी तुम्ही विचारले ते बरे केले. मांजरीच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्ये निष्प्रभ करणे आपल्याइतके जमत नाही आणि युजेनॉल त्याच जातीचे आहे. लिमोनीनही तिला बाधते. हवेत विखुरलेल्या वाफेपेक्षा खरा धोका तेल अंगावर पडून चाटले जाण्यात किंवा पातेल्यातले पाणी पिण्यात असतो. म्हणून पातेल्यात बाटलीतले तेल कधीही वरून टाकू नका, कारण दहा थेंबांत एका संत्र्याच्या सालीइतके तेल सहज जाते आणि ते एकदम बाहेर पडते. मांजरीला दुसऱ्या, हवेशीर खोलीत जाता येईल असे दार उघडे ठेवा. ती लाळ गाळू लागली, धडपडू लागली किंवा तिला धाप लागली तर पातेले बंद करून पशुवैद्यांना गाठा. घरात कोणाला दमा असेल आणि खोकला सुरू झाला तर तिथेही हाच नियम: आधी शेगडी बंद, मग चर्चा. पक्षी पाळला असेल तर नॉनस्टिक पातेले अजिबात वापरू नये. ते कोरडे पडून फार तापले तर त्याच्या लेपाच्या धुराने पक्षी मरतात.

कोरडे पडण्याचा धोका सर्वांनाच लागू आहे. ७५० मिलिलिटर पाणी आणि तासाला ४०० मिलिलिटरचा खप, म्हणजे झाकणाची पंधरा मिनिटे धरूनही दोन तासांच्या पुढेमागे पातेल्याचा तळ दिसू लागतो. आच थोडी जास्त राहिली तर त्याआधीच. सालीतली साखर आणि दालचिनी तळाला लागली की जो करपट वास पडद्यांत बसतो तो चार-चार दिवस हटत नाही. मी चाळीस मिनिटांचा गजर लावतो आणि तो वाजला की गरम पाणी घालतो. गार पाणी घातले तर वाफ काही वेळ थांबते, याखेरीज नुकसान काही नाही. झोपताना किंवा घराबाहेर जाताना शेगडी बंद असलीच पाहिजे.

उरलेल्या पाण्याचे सांगायचे तर संत्र्याच्या पट्ट्या टाकून द्या, त्यांत काही राहिलेले नसते. लवंग आणि दालचिनीत अजून तेल असते. ती पाण्यासकट गार करून झाकून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी ताज्या सालीबरोबर आणखी एकदा चालतात, फक्त झाकणाचा वेळ पंधराऐवजी पंचवीस मिनिटे करावा. पाण्याला बुळबुळीतपणा किंवा आंबूस वास आला, तर सर्व ओतून द्यावे. हे पाणी पिऊ नये. सालींवर अनेकदा मेण आणि बुरशीनाशक लावलेले असते आणि तासभर उकळल्यावर त्यातले काय पाण्यात उतरले, हे वासावरून कळत नाही.